चड्डीच्या पाच पायऱ्या आणि पाण्याचा दिवस

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. थेरपीच्या ताईंनी रोज वही लिहायला सांगितली. दोन महिने लिहिली. परवा उघडून पाहिली तर सगळीकडे ‘आज फार रडला’, ‘आज काहीच केलं नाही’, ‘मी थकले’ एवढंच. मिस्टर म्हणतात, रडगाणं कशाला लिहितेस? वहीत नेमकं काय लिहायचं? स्वतःचा थकवा लिहायचा की नाही? आणि मोबाइलवर लिहिलं तर चालेल का? – जुळे सोलापूरहून एक आई

उत्तर :

ताई, माझ्या पहिल्या वहीची पहिली वीस पानं अगदी अशीच आहेत. लेक तेव्हा पाच वर्षांचा होता, आता अठरा पूर्ण झाली. मधल्या काळात मी विशेष शिक्षणाची पदविका केली आणि गेली दहा वर्षं आईबापांच्या अशा वह्या वाचणं हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. ‘आज काहीच केलं नाही’ हे वाक्य मला जवळपास प्रत्येक वहीत सापडतं, आणि ते जवळपास कधीच खरं नसतं. लिहिणारी खोटं लिहीत नाही. तिच्या मनात ‘केलं’ म्हणजे ‘पूर्ण, स्वतःच्या स्वतः केलं’ असतं. आपली मुलं ‘काहीच नाही’ आणि ‘पूर्ण’ यांच्या मधल्या पट्ट्यात महिनोन्‌महिने सरकत असतात. त्या पट्ट्यासाठी वहीत शब्दच नसला तर सरकणं दिसणार कसं?

म्हणून त्याने केलं की नाही हे लिहू नका, आपल्याला किती मदत करावी लागली ते लिहा. माझ्या वहीत त्यासाठी पाच अक्षरं होती. ‘ध’ म्हणजे त्याचा हात माझ्या हातात धरून सगळं करून घेतलं. ‘स’ म्हणजे नुसता स्पर्श, कोपराला किंवा मनगटाला हलकासा धक्का. ‘ब’ म्हणजे बोलून सांगितलं. ‘ख’ म्हणजे खूण केली, बोट दाखवलं. ‘ए’ म्हणजे एकट्याने. एका वेळी एकच काम निवडायचं आणि दिवसातून ते जितक्या वेळा होईल तितकी अक्षरं लिहायची. दिवसाचं लिखाण चार अक्षरांचं. भांडी घासता घासता ओल्या हाताने लिहिता येतं, आणि दमलेल्या माणसाकडून तेवढंच लिहून होतं.

आमचं काम होतं चड्डी घालणं. ६ एप्रिलला सुरू केलं. एप्रिल मुद्दाम निवडला होता. आपल्याकडच्या उन्हात पोरं दिवसभर नुसत्या चड्डीवर असतात, त्यामुळे बटणं नाहीत, शर्ट नाही, एकच कपडा आणि सराव भरपूर. इलास्टिकची, एक माप मोठी चड्डी घेतली. काम पाच पायऱ्यांत मोडलं. पुढची बाजू ओळखून चड्डी हातात धरणं ही पहिली, एक पाय घालणं दुसरी, दुसरा पाय तिसरी, गुडघ्यावरून मांडीपर्यंत ओढणं चौथी आणि कमरेपर्यंत ओढणं पाचवी.

शिकवायला सुरुवात मात्र पाचवीपासून केली. पहिल्या चार पायऱ्या मीच करायचे आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याच्यासाठी ठेवायचे. उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. पहिल्या पायरीपासून शिकवलं की मूल थोडंसं करतं आणि उरलेलं आपण करतो, म्हणजे काम संपतं आपल्या हातून. शेवटून शिकवलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून संपतं. चड्डी कमरेला बसली, सुटलो, पळालो, हे त्याला लगेच कळतं. आणखी एक गोष्ट मला थेरपीच्या बाईंनी दाखवली होती. समोर बसून मदत करायची नाही, मुलाच्या मागे बसायचं. समोरून धरलं तर आपले हात त्याच्या हातांच्या उलट्या दिशेने चालतात. मागून धरले की आपले आणि त्याचे हात एकाच वाटेने जातात आणि मदत हळूहळू काढून घेता येते.

पहिल्या दिवशी वहीत आलं : ध ध ध ध. चार वेळा म्हणजे अंघोळीनंतर, दुपारी शू झाल्यावर, संध्याकाळी बाहेर जाताना आणि रात्री कपडे बदलताना. आठवडाभरात ‘ध’चा ‘स’ झाला, ‘स’चा ‘ब’ झाला आणि तिथेच अडकला. आठ दिवस ओळीने ब ब ब ब. मी ‘ओढ’ म्हटलं की ओढायचा, नाही म्हटलं की चड्डी मांड्यांवर घेऊन तसाच उभा. मला वाटायचं, आळशीपणा करतोय. तो आळशीपणा नव्हता. ‘ओढ’ हा शब्दच त्याच्यासाठी कामाचा भाग होऊन बसला होता. आधी चड्डी मांडीवर येणार, मग आई ‘ओढ’ म्हणणार, मग आपण ओढायची. बोलून केलेली मदत आपल्याला सगळ्यात सौम्य वाटते, पण काढून घ्यायला तीच सगळ्यात चिवट असते. हाताचा जोर थोडा थोडा कमी करता येतो, शब्द अर्धा कसा करणार? म्हणून मी तोंड मिटलं आणि इलास्टिकला नुसतं बोट लावायला लागले. तीन दिवसांत बोटही लागेना. २२, २३ आणि २४ एप्रिलला तिन्ही दिवस चारही वेळा ‘ए’. सलग तीन दिवस सगळे ‘ए’ आले की पुढची पायरी घ्यायची, हा माझा नियम होता.

चौथी पायरी दहा दिवसांत झाली. तिसरीवर, दुसऱ्या पायावर, गाडी पुन्हा अडली. दोन्ही पाय एकाच भोकात जायचे. मदतीला लागलं की किंचाळायचा. दोन आठवडे गेले आणि वहीत काही हलेना. एके रात्री मी त्या दोन आठवड्यांच्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या, तेव्हा दिसलं की सगळे दिवस सारखे नाहीतच. दुपारी, संध्याकाळी आणि रात्री ‘स’ आणि ‘ए’ येत होते. पहिलं अक्षर, म्हणजे अंघोळीनंतरचं, रोज न चुकता ‘ध’ होतं. अंघोळ झाली की मी त्याला घाईत पुसायचे आणि ओलसर पायांना कापड चिकटायचं. पाय अर्ध्यात अडकला की तो चिडायचा, आणि ती चीड दुपारपर्यंत पुरायची. दुसऱ्या दिवसापासून टॉवेलने पाय नीट कोरडे केले, दोन मिनिटं पंख्याखाली बसवलं आणि मग चड्डी दिली. सहाव्या दिवशी सकाळचं अक्षर ‘ए’ आलं. सोलापूरच्या घरात टॉवेल कमी नसतात, अक्कल कमी पडली होती.

ती अडचण माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होती, तरी दिसली नव्हती, कारण माझ्या मनात ‘दुसरा पाय त्याला जमत नाही’ असा निकाल लागलेला होता. ‘आज फार रडला’ हाही तसाच निकाल आहे. त्यातून उद्या काय बदलायचं ते कळत नाही.

पुढच्या दोन पायऱ्या जूनमध्ये झाल्या. पुढची बाजू ओळखायला आतून लाल दोऱ्याचे चार टाके घातले होते. २३ जूनला त्याने पाटावरची चड्डी उचलली, लाल टाके शोधले, बसला, घातली, उठला, ओढली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. सुरुवातीपासून अठ्ठ्याहत्तर दिवस झाले होते. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आमचा तर अडीच वर्षांचा असल्यापासून घालतो.’ मी घरी येऊन वही उघडली आणि ६ एप्रिलची ओळ परत वाचली. शेजारच्या पोराशी तुलना करून आपल्या हाती काही लागत नाही. आपल्याच पोराच्या एप्रिलशी केली तर लागतं, पण त्यासाठी एप्रिल लिहिलेला असावा लागतो.

मिस्टर रडगाणं म्हणतात ना? त्यांना रात्रीचं अक्षर लिहायला द्या. आमच्या ह्यांनी तसं सुरू केलं आणि महिनाभरात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ह्यांच्या पाळीला ‘ए’ जास्त यायचे. मला आधी रागच आला. मग लपून बघितलं, तर हे पोराच्या मागे बसून पेपर वाचत होते. पोरगं अडलं तरी ह्यांचं लक्षच नाही. ते तसंच घुटमळायचं, दहा-बारा सेकंद जायचे आणि मग स्वतःच करायचं. मी तिसऱ्या सेकंदाला मदत करत होते. आपल्या मुलांना ऐकलेलं, पाहिलेलं डोक्यातून हातापर्यंत आणायला वेळ लागतो आणि त्या वेळात आपला हात मध्ये आला की त्यांचा हात थांबतो. तेव्हापासून मदत करण्याआधी मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं असं ठरवलं. ह्यांनी अर्थात त्याचं सगळं श्रेय आजतागायत पेपरला दिलेलं आहे.

आता थकव्याचं. लिहायचाच. पण ‘मी थकले’ असं नाही. मी समासात एक आकडा लिहायचे, आदल्या रात्री मी किती तास झोपले त्याचा. आमचं घर तेव्हा पूर्व भागात होतं, भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. लेक मागाच्या खटखटीत गाढ झोपायचा आणि वीज जाऊन माग थांबले की त्या शांततेने दचकून उठायचा. मे महिन्यात रात्री वीज जाणं नेहमीचं, आणि एकदा उठला की पहाटेपर्यंत झोप नाही. त्याच मेमध्ये तीन दिवस असे आले की जमलेल्या पायऱ्यांपुढेही दिवसभर ‘ध’ लागला. मी धसकलेच. शिकलेलं विसरला, सगळं वाहून गेलं, असं वाटलं. मग समासात नजर गेली. ३, ४, ३. म्हणजे विसरला तो नव्हता. तीन तास झोपून उठलेली बाई दहापर्यंत मोजत नाही, चड्डी खसकन चढवते आणि मोकळी होते. चौथ्या दिवशी आई येऊन राहिली, मी आठ तास झोपले आणि वहीत पुन्हा ‘ए’ आले.

तेव्हापासून माझा नियम झाला. झोप चार तासांच्या खाली असेल तर त्या दिवशी शिकवायचं नाही. चड्डी आपण घालायची, वहीत ‘सुट्टी’ लिहायचं आणि त्या दिवसावरून काही ठरवायचं नाही. मी ज्या वह्या बघते त्यांत समास कोरा असेल तर आधी तो भरायला सांगते, कारण आईची झोप माहीत नसेल तर मुलाच्या अक्षरांचा अर्थ लावता येत नाही. शिवाय तो आकडा घरच्यांना दाखवता येतो. ‘मी थकले’ म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, ‘आम्ही नाही का पोरं वाढवली?’ महिन्याची सरासरी साडेचार तास दाखवली तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण रविवारी पहाटे उठून त्याला स्वतःच्या खोलीत न्यायला लागल्या.

खरी घसरण याहून वेगळी दिसते. आपली झोप ठीक आहे, तरी मदत वाढते आहे, आणि एकाच नाही तर दोन-तीन कामांत, आठवडाभर. असं झालं तर आधी शरीर तपासा. कान दुखणं, दात, बद्धकोष्ठता. शेवटची तर आपल्या मुलांत फार आढळते, कारण खाणं निवडक आणि पाणी पिणं कमी. बोलता न येणारं मूल पोट दुखतं हे सांगणार कसं? ते चावून, ओरडून सांगतं. म्हणून शी झाली की वहीत एक टिंब द्या. चार दिवस टिंब नाही आणि पाचव्या दिवशी चावरेपणा, हे एकदा कागदावर दिसलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. येत असलेले शब्द गेले, किंवा मूल मध्येच काही सेकंद टक लावून बधिर होतं आणि हाक मारली, हलवलं तरी भानावर येत नाही, असं दिसलं तर वही बाजूला ठेवा, जमल्यास त्याचा व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांकडे जा. झटका आला तर घड्याळात बघून सुरू झाल्याची वेळ लिहा, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर सरळ दवाखाना गाठा.

रडण्याकडे येते, कारण तुमच्या वहीत तेच जास्त आहे. रडण्यासाठी वेगळं पान करा आणि त्यावर तीन रकाने आखा : आधी, काय, नंतर. ‘आधी’मध्ये त्या क्षणाच्या पाचेक मिनिटं अगोदर घरात काय चाललं होतं, कोण होतं, कसला आवाज होता. ‘काय’मध्ये त्याने नेमकं काय केलं आणि किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपलं. ‘हट्ट केला’ असं नाही, ‘जमिनीवर झोपून डोकं आपटलं, ७:१० ते ७:३५’ असं. ‘नंतर’मध्ये आपण काय केलं आणि त्याला काय मिळालं.

लेक सहा वर्षांचा असताना दिवाळीनंतर मी सहा आठवडे हे पान लिहिलं. रोज पाच-दहा मिनिटांची चिडचिड धरली नाही, फक्त मोठे भडके धरले. बेचाळीस दिवसांत तेवीस भडके. सासूबाईंचं म्हणणं, ‘पोराला नजर लागलीय.’ माझा संशय गुळावर होता. कोणीतरी सांगितलं होतं की गोडाने मुलं चेकाळतात, म्हणून मी गूळ बंद करून बघितला होता आणि पोळीसोबत गुळाचा खडा न मिळाल्याचे दोन भडके जास्तीचे ओढवून घेतले होते.

‘आधी’चा रकाना वाचत गेले तसं एकच शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला : मोटर. सोलापूरकराला पाण्याचा दिवस काय असतो ते सांगायला नको. आमच्या भागात तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, कधी पहाटे, कधी रात्री. पाणी आलं की सगळी गल्ली उठते, घराघरांत मोटर लागते, नळी टाकीत, घागरी, पिंपं, बादल्या, आणि मी घरभर धावत. मी कॅलेंडर काढून त्यावर पाण्याचे दिवस टिपले. बेचाळीस दिवसांत पाणी आलं होतं नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तेरा भडके होते. उरलेल्या तेहतीस दिवसांत दहा.

त्यात आवाज किती, माझी घाई किती आणि अचानक झोपमोड किती, हे वहीने वेगळं करून दाखवलं नाही आणि दाखवूही शकत नव्हती. पण काय करायचं ते दिसलं. पाणी येण्याच्या आदल्या रात्री त्याला घागरीचं चित्र काढलेला कागद दाखवायचा आणि तोच सकाळी भिंतीवर लावायचा. मोटर चालू असेपर्यंत ह्यांनी त्याला गच्चीवर न्यायचं, कानाला जाड हेडफोन. पुढे त्यात एक भर पडली. मोटरचं बटण त्याच्याच हाताने दाबायला द्यायचं. जो आवाज आपण सुरू करतो तो अंगावर येत नाही. पुढच्या सहा आठवड्यांत एकूण भडके अकरा, त्यांतले पाण्याच्या दिवसांचे चार. अकरांतले दोन गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्रीचे होते, आणि ते टाळण्याची बुद्धी मला पुढच्या जानेवारीत झाली. एक चूक मात्र तेव्हा केली. चित्र, गच्ची आणि हेडफोन एकदम सुरू केले, त्यामुळे नेमकं कशाने भागलं ते आजही मला माहीत नाही. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा.

‘नंतर’चा रकाना वाचताना मन घट्ट करावं लागतं, कारण त्यात आपण सापडतो. माझ्या तेवीसपैकी सात ओळींत ‘नंतर : मोबाइल दिला’ असं होतं. आणि त्या सातही वेळा रडणं मोबाइल हातात पडताच दोन मिनिटांत थांबलं होतं. मोटरच्या वेळचं रडणं तसं नव्हतं. तेव्हा मोबाइल दिला तरी तो भिरकावून द्यायचा. रडण्याची ही दोन रूपं वेगळी आहेत आणि दोघांवरचा उपायही वेगळा. हवी ती वस्तू मिळताच जे थांबतं ते मागणं असतं, त्याला रडण्याऐवजी मागण्याची दुसरी खूण शिकवावी लागते. आम्ही मोबाइलच्या चित्राचं कार्ड हातात द्यायला शिकवलं. वस्तू देऊनही जे थांबत नाही ते मूल सोसण्याच्या पलीकडे गेल्याचं लक्षण असतं. तिथे शिकवायचं काही नाही. आवाज आणि उजेड कमी करायचा, आपलं बोलणं बंद करायचं आणि जवळ बसून राहायचं.

आणि तुमच्या मनातलं रडगाणं? तेही लिहा, पण त्याच वहीच्या मागच्या पानापासून, उलटीकडून. पुढून अक्षरं आणि आकडे, मागून मन. पुढची पानं थेरपीला न्यायची, मागची कोणालाही दाखवायची नाहीत. माझ्या मागच्या पानांवर असं काही लिहिलेलं आहे की ते पोराने वाचलं असतं तर मी मेलेच असते. ‘आज वाटलं, रिक्षात बसवावं आणि उतरूच नये.’ दुसऱ्याच ओळीत ‘झोपेत माझा पदर मुठीत धरला होता, सोडवता येईना म्हणून तशीच बसले पहाटेपर्यंत.’ दोन्ही एकाच रात्रीचं आहे, आणि दोन्ही खरं आहे. मागच्या पानांना एकच पथ्य पाळा. सलग दोन आठवडे तिथे काळोखच उतरतोय, मूल झोपल्यावरही झोप लागत नाही, अन्न जात नाही, किंवा स्वतःला संपवण्याचा विचार एकदाही आला, तर ते वहीत राहू देऊ नका. घरच्या कोणाला तरी सांगा, डॉक्टरांना सांगा, टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही, मराठीतही बोलता येतं.

रोज एक ओळ पुढच्या पानावरही लिहावी, अक्षरांखाली. तिला माप नको. मी त्या दिवशी त्याने केलेली एखादी गोष्ट लिहायचे, कामाची असो नसो. ‘शेंगाचटणीच्या बोटाचा ठसा भिंतीवर काढला आणि बघून हसला.’ ‘कडक भाकरी कानाजवळ नेऊन मोडली, आवाज ऐकला, मग खाल्ली.’ ही दुसरी ओळ मी सहज लिहिली होती. पुढे वर्षभराने खाण्याची अडचण घेऊन बसलो तेव्हा तीच कामाला आली. दुधात कुस्करलेली भाकरी थुंकणारा पोरगा कडक भाकरी, पापड, भाजलेल्या शेंगा आनंदाने खात होता. नखरा चवीचा नव्हता, मऊ लिबलिबीत स्पर्शाचा होता.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीलाही ही वही सोबत न्या. ऑटिझमसाठी आपल्याकडे जी मोजणी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात, आणि मूल अमुक गोष्ट करतं का एवढंच नाही तर किती वेळा करतं, यावर गुण ठरतात. तिथे आई एक तर लाजून कमी सांगते किंवा घाबरून ‘नेहमीच’ म्हणते. महिन्याचं पान पुढे ठेवलं की अंदाजाने बोलावं लागत नाही. थेरपीच्या बाईंनाही सगळी वही वाचायला देऊ नका, त्यांना तेवढा वेळ नसतो. महिन्याच्या शेवटी एक पान करा : कोणतं काम, पहिल्या आठवड्यातली अक्षरं, शेवटच्या आठवड्यातली अक्षरं, आणि कुठे अडलंय.

मोबाइलवर लिहू नका. मोबाइल हातात घेतलेला दिसला की पोरगं तो मागणार आणि तुमच्या ‘आधी’च्या रकान्यात तुम्हीच याल. शंभर पानी वही घ्या, खिळ्याला अडकवून स्वयंपाकघरात ओट्याजवळ लावा आणि पेन्सिल दोऱ्याने बांधा. पेन नको, ओल्या हाताने शाई पसरते. उद्या सोमवार आहे. चड्डीच घ्या असं नाही, पण काम एकच घ्या, आणि पहिल्या दिवशी चारही ‘ध’ आले तर ते तसेच लिहा.